आजेसासूबाईंच्या मृत्यूची नोंद करायचीय ना? मग आधी हे वाच

अगं, तू पाठवलेला अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. मनापासून लिहिलायस, ते दिसतंय. पण हा असाच नगरपालिकेत दिलास तर टेबलावरचा कारकून तो उलटून पालटून बघेल आणि म्हणेल, 'ताई, एवढ्या जुन्या मृत्यूची नोंद आम्हाला करता येत नाही, प्रांताकडे जा.' तू प्रांत कचेरीत जाशील. तिथे म्हणतील, 'आधी नगरपालिकेचा कागद आणा.' आणि मग उन्हातान्हात तुझ्या चकरा सुरू होतील. मी प्रांत कचेरीत नोकरी केली, अशा शेकडो फायली माझ्या हातून गेल्या. म्हणून सांगते, घाई करू नकोस. एक संध्याकाळ नीट बसून हे समजून घे.

तुझ्या मसुद्यात तू लिहिलंयस, 'तरी आपण कृपा करून मृत्यूची नोंद करून दाखला द्यावा.' सगळी अडचण या वाक्यात आहे. मृत्यू होऊन एक वर्ष उलटलं की नगरपालिकेच्या निबंधकाला स्वतःच्या अधिकारात नोंद करताच येत नाही. १९६९ च्या जन्म आणि मृत्यू नोंदणी कायद्यात त्याचे टप्पे घालून दिलेत. पहिल्या २१ दिवसांत खबर दिली तर काही प्रश्न नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. तिथून वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष ओलांडलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्याशिवाय रजिस्टर उघडत नाही. आजेसासूबाई गेल्या सप्टेंबर २००८ मध्ये. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नुसतं जाऊन सांगितलं असतं तरी भागलं असतं, आणि सप्टेंबर २००९ नंतर हे प्रकरण नगरपालिकेच्या हाताबाहेर गेलं. कारकून अडवतोय असं समजून त्याच्याशी भांडू नकोस. त्याला खरंच ते करता येत नाही.

आता तुझे चुलतसासरे म्हणतायत की कोर्टात जावं लागेल. त्यांचंही चुकीचं नाही, त्यांच्या माहितीतलं जुनं आहे एवढंच. पूर्वी हा आदेश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी द्यायचे, म्हणजे वकील लावून कोर्टात अर्ज करावा लागायचा. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलं. सोप्या भाषेत सांगायचं तर कलेक्टर, प्रांत, किंवा कलेक्टरांनी नेमून दिलेले तहसीलदार. तुमच्या तालुक्यात सध्या कोणाकडे अर्ज घेतात, ते प्रांत कचेरीत एकदा विचारून घे. आदेश हातात पडेल तेव्हा खाली सही आणि पदनाम कोणाचं आहे तेही बघ. अधिकार नसलेल्या माणसाने सही केलेला आदेश नंतर रद्द होतो, आणि त्यावरून केलेली नोंदही त्याच्याबरोबर जाते.

म्हणजे तुला खरं तर दोन पत्रं लिहायची आहेत नगरपालिकेला, आणि मध्ये एक अर्ज प्रांतांकडे. पहिल्या पत्रात नोंद करा असं म्हणायचंच नाही. म्हणायचं की नोंद शोधा; सापडली तर दाखला द्या, नाही सापडली तर नाही असं लेखी द्या. त्या 'नाही'च्या कागदाला अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात, नमुना १०. हा कागद असल्याशिवाय प्रांत कचेरीत फाईल उभीच राहत नाही, कारण आधीच झालेली नोंद दुसऱ्यांदा होऊ नये ही त्यांची पहिली काळजी असते.

आणि शोध खरोखर घ्यायला लाव. नुसती औपचारिकता समजू नकोस. कितीतरी घरांत असं होतं की नोंद झालेली असते आणि घरच्यांना ठाऊक नसतं. कोणी दवाखान्यात वारलं असेल तर कळवायची जबाबदारी दवाखान्याचीच असते, त्यामुळे तिथली नोंद बहुतेक वेळा सापडते. फक्त ती दवाखाना ज्या गावात आहे त्या गावच्या रजिस्टरात असते, माणूस राहत होता त्या गावच्या नाही. नोंद नेहमी मृत्यू जिथे झाला तिथेच होते. तुमच्याकडे आजी राहत्या घरी गेल्या, म्हणून तुमची नगरपालिकाच बरोबर. पण समज त्या मिरजेला दवाखान्यात गेल्या असत्या, तर हा सगळा अर्ज तिकडे करावा लागला असता, आणि आदेशही तिकडच्या प्रांतांचा. अशा वेळी सोयीसाठी 'घरीच वारल्या' असं लिहून द्यायचा सल्ला लोक देतात. तसं कधीही करू नये. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि पुढे घराचा वाद निघाला तर समोरचा माणूस दवाखान्याचा कागद काढून सगळं उलटवू शकतो.

शोधाचा कालावधीही तू सांगायचा. रजिस्टरात नोंदी ज्या दिवशी केल्या त्या क्रमाने असतात, मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने नाही. आजी सप्टेंबर २००८ मध्ये गेल्या, पण कोणी पुढे चारसहा महिन्यांनी परवानगी काढून नोंद केली असेल तर ती २००९ च्या रजिस्टरात बसलेली असणार. म्हणून नुसता सप्टेंबर बघा असं म्हणू नकोस. सप्टेंबर २००८ ते डिसेंबर २००९ असं लिही. आणि दोन्ही नावांनी शोधायला सांग.

नावाचं आधी सांगते, कारण तुझ्या मसुद्यात तू नुसतं 'सरस्वतीबाई' लिहिलंयस. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर सरस्वतीबाई आहे हे खरं. पण तूच रेशनकार्डाचा फोटो पाठवलास, त्यावर ठकूबाई आहे. माहेरचं नाव ठकू, लग्नात सरस्वती ठेवलं, आणि आयुष्यभर गल्लीत सगळे ठकूबाईच म्हणत राहिले. आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या बायकांचं असंच आहे. आता बघ काय होतं. स्मशानभूमीच्या वहीत खांदा द्यायला आलेल्या कोणीतरी सांगितलेलं नाव असणार, म्हणजे ठकूबाईच. तू सरस्वतीबाईंच्या नावाने अर्ज करशील, पुरावा ठकूबाईंचा जोडशील, आणि चौकशी करणारा विचारेल की या दोघी एकच कशावरून. म्हणून अगदी पहिल्या कागदापासून 'सरस्वतीबाई ऊर्फ ठकूबाई' असंच लिही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तुझ्या नवऱ्याने करायचं.

हे मी एवढं घोळून का सांगते? कारण प्रांतांच्या आदेशात जेवढं लिहिलंय तेवढंच नगरपालिका रजिस्टरात उतरवते. आदेशात 'ऊर्फ' नसेल तर दाखल्यात येत नाही, आणि तुझ्या पहिल्या अर्जात नसेल तर आदेशात येत नाही. दाखला कसा निघणार हे तू आज जे पत्र लिहितेयस त्यातच ठरतंय. म्हणून मी त्याच्या मागे लागलेय.

आता तारीख. तू १४ सप्टेंबर लिहिलीस. का लिहिलीस ते मला कळलं. तेराव्याच्या छापील पत्रिकेवर 'रविवार दि. १४ रोजी रात्री देवाज्ञा झाली' असं आहे. घरात सगळे म्हणतात, अनंत चतुर्दशीला, विसर्जनाच्या रात्री गेल्या. २००८ ची अनंत चतुर्दशी १४ सप्टेंबरला, रविवारीच होती, ते बरोबर. पण किती वाजता गेल्या? तुझ्या सासूबाईंना फोन करून विचारलं मी. त्या म्हणाल्या, विसर्जन करून मुलं परत आली, झोपाझोप झाली, आणि दोनच्या सुमारास आजींनी पाणी मागितलं, ते शेवटचं. रात्रीचे दोन म्हणजे कॅलेंडरप्रमाणे सोमवार, १५ सप्टेंबर. आपल्या घरांत दिवस उजाडेपर्यंत कालचीच रात्र धरतात, गुरुजींनीही तशीच मोजणी केली म्हणून तेरावा २६ तारखेला आला. सरकारी दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. स्मशानभूमीच्या वहीत दहनाची नोंद १५ तारखेच्या सकाळची असेल. म्हणून १५ सप्टेंबर २००८ लिही आणि पुढे 'पहाटे अंदाजे २ वाजता' हे शब्द टाकच. म्हणजे पत्रिका आणि वही यांच्यात जो एक दिवसाचा फरक दिसतो त्याचं कारण अर्जातच सापडेल. प्रांतांच्या अर्जात तर तो फरक एका वाक्यात सरळ समजावून सांग. चौकशी करणाऱ्याला विसंगती स्वतःहून दिसली की तो थांबतो. तू आधीच सांगितलीस की तो पुढे वाचतो.

ज्यांच्या घरी तारीखच आठवत नाही, नुसती श्राद्धाची तिथी ठाऊक असते, त्यांनीही असंच करावं. वर्ष नक्की असेल तर जुन्या पंचांगावरून किंवा त्या वर्षीच्या कालनिर्णयवरून तारीख निघते. तिच्या जोडीला दुसरा एखादा कागद मात्र हवा.

मृत्यूचं कारण म्हणून तू 'हृदयविकाराचा झटका' लिहिलंयस. डॉक्टर आले होते का? नव्हते ना. मग ते आपण कशावरून म्हणायचं? ८२ वर्षांच्या बाई घरी, अंथरुणात गेल्या, 'वृद्धापकाळ' लिही. आणि याची काळजी करू नकोस, कारण कारण हे दाखल्यावर छापूनच येत नाही. कायद्यानेच ते उताऱ्यात द्यायला मनाई आहे.

तर पहिलं पत्र मी असं लिहिलं असतं. पूर्ण नावं आणि घर क्रमांक तू भर.

'प्रति,
मा. निबंधक, जन्म व मृत्यू नोंदणी,
… नगरपरिषद.

विषय : कै. सरस्वतीबाई ऊर्फ ठकूबाई (पूर्ण नाव) यांच्या मृत्यूच्या नोंदीचा शोध घेऊन दाखला मिळणेबाबत. नोंद न आढळल्यास अनुपलब्धता प्रमाणपत्र (नमुना १०) मिळणेबाबत.

महोदय,
माझी आजी कै. सरस्वतीबाई ऊर्फ ठकूबाई (पूर्ण नाव), राहणार घर क्र. …, … पेठ, ही सोमवार, दि. १५ सप्टेंबर २००८ रोजी पहाटे अंदाजे २ वाजता वरील राहत्या घरी वृद्धापकाळाने मयत झाली. मृत्यूसमयी तिचे वय अंदाजे ८२ वर्षे होते. तिच्यावर त्याच दिवशी सकाळी नगरपरिषदेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार करण्यात आले. सरस्वतीबाई हे तिचे सासरचे व ठकूबाई हे माहेरचे नाव असून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.

तरी दि. १ सप्टेंबर २००८ ते दि. ३१ डिसेंबर २००९ या कालावधीतील मृत्यू नोंदवह्यांमध्ये दोन्ही नावांनी शोध घेऊन, नोंद आढळल्यास मृत्यूचा दाखला मिळावा. नोंद न आढळल्यास अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळावे. सदर प्रमाणपत्र कायद्याच्या कलम १३(३) अन्वये दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवण्यासाठी सादर करावयाचे आहे. तसेच स्मशानभूमी नोंदवहीतील दि. १५ सप्टेंबर २००८ च्या नोंदीची साक्षांकित प्रत मिळावी. शोधाचे व प्रतींचे नियमाप्रमाणे शुल्क भरण्यास मी तयार आहे.

सोबत : अर्जदाराच्या आधारकार्डाची प्रत, रेशनकार्डाची प्रत, मिळकत पत्रिकेची प्रत.

आपला विश्वासू,
(सही, नाव, नाते : नातू, पत्ता, फोन)'

एवढंच. घराच्या वाटण्या, दीरांचं म्हणणं, बँकेने काय सांगितलं, यातलं एक अक्षर नको. तू लिहिलेलं 'आम्हीच एकमेव वारस आहोत' हे वाक्य तर आधी काढ. मृत्यूची नोंद म्हणजे माणूस कधी आणि कुठे गेला एवढंच. वारस कोण, याचा निकाल तिथे लागत नाही; ते नंतर वेगळं काम. आणि ज्याला ते खुपेल असा नातेवाईक तुझ्या नोंदीलाच हरकत घेऊन बसेल.

पत्राच्या दोन प्रती काढ. एक द्यायची, दुसऱ्या ओसीवर पोच घ्यायची. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. 'ठेवून जा, बघतो' म्हटलं तर नम्रपणे उभी राहा, पण पोच घेतल्याशिवाय निघू नकोस. पुढे विचारायला गेलीस की आवक क्रमांकावरूनच कागद सापडतो.

स्मशानभूमीच्या नोंदीची प्रत मी त्याच पत्रात मागितलीय, ती विसरू नकोस. तुमच्या घरी सगळ्यांचा समज झाला होता ना, की स्मशानात नाव लिहून पावती घेतली म्हणजे नोंद झाली? कितीतरी जणांचा होतो. ती वही वेगळी आणि मृत्यूचं रजिस्टर वेगळं. घरी मृत्यू झाला की रजिस्टरात घरच्यांनी जाऊन खबर द्यायची असते. पण तुमच्या प्रकरणात सगळ्यात भक्कम पुरावा ती स्मशानातली वहीच आहे, कारण ती त्याच दिवशी, कसलाही स्वार्थ नसलेल्या माणसाने लिहिलीय. जुन्या वह्या कुठल्या कपाटात आहेत ते त्यांनाही चटकन सापडत नाही. फारच टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराखाली वेगळा अर्ज कर. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. वही नष्ट झाली असेल तर तेही लेखी घे. 'वही उपलब्ध नाही' हा कागदसुद्धा फाईलला लागतो.

अनुपलब्धता प्रमाणपत्र हातात आलं की मग प्रांतांकडचा अर्ज. मजकूर जवळजवळ हाच, त्यात भर घालायची ती नोंद का राहिली याची. तिथे नुसतं 'अज्ञानामुळे' लिहू नकोस. जे झालं ते सांग. घरच्यांनी स्मशानातली पावती हीच नोंद समजली, पुढे दाखल्याची कुठे गरज पडली नाही, आणि आता मिळकत पत्रिकेवर वारसनोंद करताना दाखला मागितल्यावर चूक लक्षात आली. खरं आहे आणि पुरेसं आहे.

सोबत स्मशानाची प्रत, तेराव्याची पत्रिका, आणि रेशनकार्डावरून नाव कमी केलं असेल तर त्याची नोंद. तहसीलच्या पुरवठा शाखेत ती तारखेसकट मिळू शकते. मयताचं आधारकार्ड मागितलं तर घाबरू नकोस. देशातलं पहिलं आधार वाटप झालं तेच मुळी सप्टेंबर २०१० मध्ये, आपल्या नंदुरबारच्या टेंभली गावात. २००८ साली गेलेल्या माणसाकडे ते असणार कुठून? त्या रकान्यात 'नाही' लिही आणि मृत्यूचं वर्ष दाखव.

मग साक्षीदार, दोघे. नात्यातले नकोत, आणि 'आम्ही ऐकलं होतं' म्हणणारे तर नकोतच. समोरच्या वाड्यातल्या काकू त्या रात्री आल्या होत्या ना, आजींना आंघोळ घालायला? त्यांचं प्रतिज्ञापत्र सगळ्यात आधी करून घे, अनुपलब्धता प्रमाणपत्राची वाट बघू नकोस. त्यांचं वय झालंय, आणि तो प्रसंग प्रत्यक्ष बघितलेली घराबाहेरची बाई दुसरी नाही. दुसरा साक्षीदार स्मशानात गेलेल्यांपैकी घे. दोघांच्या प्रतिज्ञापत्रात एकच मजकूर छापू नकोस. काकूंनी घरात काय पाहिलं ते काकूंच्या, स्मशानात काय झालं ते दुसऱ्याच्या. शब्दाला शब्द सारखी प्रतिज्ञापत्रं वाचली की आम्हाला कचेरीत लगेच कळायचं की टायपिस्टने एकच मजकूर दोनदा काढलाय, आणि मग साक्षीदाराला समोर बोलावून विचारणं आलंच.

हल्ली चौकशी पूर्वीपेक्षा कडक आहे, ते मनाशी धरून चल. खोट्या कागदांवर उशिराचे जन्मदाखले काढल्याची प्रकरणं राज्यात बाहेर आली, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये शासनाने हे काम काही काळ थांबवलं आणि मार्च २०२५ मध्ये नवी कार्यपद्धत घालून दिली. आता अर्जाची स्थानिक चौकशी होते, पोलिसांचा अहवाल मागवतात, हरकती मागवायला जाहीर सूचना निघते. म्हणून पोलीस ठाण्यातून फोन आला तर तुझ्या सासूबाईंना आधीच सांगून ठेव की यात काही वावगं नाही. नाहीतर घरात पोलीस आला म्हणून त्या घाबरतील. त्यांना फक्त त्या रात्री काय झालं ते सांगायचंय, जसं मला सांगितलं तसं. आणि कोणी एजंट म्हणाला की 'पैसे द्या, आठवड्यात दाखला आणून देतो', तर त्याला दारातूनच परत पाठव. असला दाखला रजिस्टरात नसतो. सिटी सर्व्हेने पडताळणीला पाठवला की तो खोटा ठरतो, आणि अर्जावर सही असते तुझ्या नवऱ्याची.

आदेश तयार झाला की घाईने पिशवीत घालू नकोस. तिथेच उभं राहून वाच. सरस्वतीबाई ऊर्फ ठकूबाई पूर्ण आहे का, १५ सप्टेंबर २००८ आहे का, ठिकाण घराचा पत्ता आहे का, आणि नोंद करण्याचा निर्देश तुमच्याच नगरपरिषदेच्या निबंधकांना आहे का. एक वेलांटी चुकली असली तरी तेव्हाच दाखव. आदेशातली चूक कचेरीत दुरुस्त होते. रजिस्टरात उतरल्यावर तीच चूक सुधारायला पुन्हा वेगळा अर्ज आणि वेगळे पुरावे लागतात.

नगरपालिकेला जाणारं दुसरं पत्र मग चार ओळींचं. 'मा. उपविभागीय दंडाधिकारी यांचेकडील आदेश क्र. …, दि. … अन्वये माझी आजी कै. सरस्वतीबाई ऊर्फ ठकूबाई यांच्या मृत्यूची नोंद घेण्याबाबत निर्देश झाले आहेत. आदेशाची साक्षांकित प्रत व मृत्यू अहवाल (नमुना २) सोबत जोडला आहे. विलंब शुल्क स्वीकारून नोंद घ्यावी व दाखल्याच्या … प्रती मिळाव्यात.' विलंब शुल्काची रक्कम किरकोळ असते, पावती मात्र घे. मूळ आदेश त्यांच्याकडे सोडून येऊ नकोस. दाखवायचा, साक्षांकित प्रत द्यायची.

नोंद संगणकावर भरतात तेव्हा नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे टाकावं लागतं. इंग्रजी स्पेलिंग कारकून अंदाजाने टाकतो, म्हणून तू ते कागदावर लिहून दे, आणि छापायच्या आधी पडद्यावर एकदा बघू द्या म्हणून विचार. बहुतेक दाखवतात.

दाखला हातात आल्यावर तुझ्या घरचे एक गोष्ट बघून नक्की दचकतील. मृत्यूची तारीख १५ सप्टेंबर २००८, आणि नोंदणीची तारीख मात्र यंदाची. ती चूक नाही. नोंद ज्या दिवशी झाली तीच तारीख तिथे येते, मागची घालता येत नाही. सिटी सर्व्हेत किंवा बँकेत यावरून कोणी शंका काढली तर उत्तर आदेशात आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी दाखल्याच्या जोडीला आदेशाची प्रत द्यायची.

आता काकूंकडे जा, शक्यतो याच आठवड्यात. आणि सुधारलेलं पहिलं पत्र टाईप झालं की द्यायच्या आधी मला पाठव, मी एकदा नजर टाकते.